रिकामा रकाना जपणारा फॉरमॅट निवडा

प्रश्न : स्कॅन केलेल्या पानाच्या फोटोत मथळे, याद्या आणि तक्ते एकत्र आहेत. ओसीआर करून घेताना साधा मजकूर घ्यावा, मार्कडाउन की सीएसव्ही?

पानावर तक्ता असेल आणि त्यात एकही रकाना रिकामा असेल, तर साधा मजकूर घेऊ नका. हे मी ठामपणे सांगतो, कारण याच चुकीमुळे आमच्या सोसायटीतल्या एका आजींना 36,000 रुपयांच्या थकबाकीची नोटीस गेली होती. प्रत्यक्षात त्यांचं एक रुपयाही येणं नव्हतं.

मी तेव्हा कमिटीत खजिनदार होतो. जुने वार्षिक अहवाल फक्त छापील उरले होते आणि पुनर्विकासाआधी प्रत्येक सदनिकेचा हिशेब लावायचा होता. पानं सगळी एकाच साच्यातली. वर सभेचा मथळा, खाली क्रमांक घातलेले ठराव आणि त्याखाली मेन्टेनन्सचा तक्ता. अध्यक्षांचा आग्रह होता की सगळं साध्या मजकुरात काढा, म्हणजे कुठेही उघडतं, व्हॉट्सअॅपवरही पाठवता येतं. मी कुरकुर केली, पण अडून बसलो नाही. ते आजही मनाला लागतं.

तक्त्यात पाच रकाने होते : सदनिका, मागील बाकी, आकारणी, भरणा, येणे. मजकुरात दोन ओळी अशा आल्या :

```
2-11 18,000 18,000
2-12 4,500 18,000 20,000 2,500
```

दुसरी ओळ बरोबर आहे. 4,500 अधिक 18,000, त्यातून 20,000 गेले, उरले 2,500. पहिल्या ओळीत आजींची मागील बाकी नव्हती आणि येणंही नव्हतं, म्हणून छपाईत ते दोन्ही रकाने कोरे होते. मजकुरात कोरी जागा म्हणजे नुसती स्पेस, आणि दोन शब्दांमधली स्पेसही तशीच दिसते. ज्यांनी हे एक्सेलमध्ये भरलं त्यांनी डावीकडून भरत नेलं. त्यामुळे पहिले 18,000 मागील बाकीत बसले, दुसरे आकारणीत, भरणा शून्य. सूत्राने येणे काढले 36,000. ओसीआरने आकडा एकही चुकवला नव्हता, म्हणून नुसत्या नजरेने तपासणाऱ्यालाही काही खटकलं नाही. आजी पावत्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या तेव्हा मूळ पान काढून पाहिलं.

त्यानंतर कमिटीने दुसरं टोक गाठलं : आता सगळं पान सीएसव्ही करा! तेही चूक. सीएसव्ही म्हणजे एकच तक्ता, प्रत्येक ओळीत तेवढेच रकाने. मथळ्यात ‘रविवार, दि. 14 सप्टेंबर, सायं. 5 वाजता’ असं होतं, त्याचे तीन रकाने झाले. 4,500 चे 4 आणि 500 असे दोन झाले, कारण आपल्या आकड्यांतच स्वल्पविराम असतो. ठरावांच्या लांब वाक्यांचे तर तुकडे तुकडे. आणि फाइल डबल क्लिक करून उघडली, तर एक्सेलने 2-11 ही सदनिका तारीख समजून 02-Nov करून टाकली. त्यावर कोणी सेव्ह केलं की मूळ क्रमांक फाइलमधून गेलाच.

म्हणून माझी पद्धत अशी. अख्खं पान आधी मार्कडाउनमध्ये. मथळ्याला `##`, तक्ता उभ्या रेघांत :

```
| सदनिका | मागील बाकी | आकारणी | भरणा | येणे |
|---|---|---|---|---|
| 2-11 | | 18,000 | 18,000 | |
| 2-12 | 4,500 | 18,000 | 20,000 | 2,500 |
```

इथे कोरा रकाना कोराच राहतो आणि स्वल्पविरामाने काही तुटत नाही. ओळीतल्या उभ्या रेघा मोजल्या की रकाना सरकला का ते लगेच कळतं. मग ज्या तक्त्याची बेरीज करायची आहे तेवढाच वेगळा सीएसव्हीत काढायचा, आकड्यांतले स्वल्पविराम काढून :

```
सदनिका,मागील बाकी,आकारणी,भरणा,येणे
2-11,,18000,18000,
2-12,4500,18000,20000,2500
```

ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये Data मधून From Text/CSV घ्या, तिथे `65001: Unicode (UTF-8)` निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी कचरा दिसेल. Data Type Detection मध्ये `Do not detect data types` ठेवा, म्हणजे 2-11 तसाच राहतो. मग आकड्यांचे रकाने तेवढे स्वतः संख्येत बदला. शेवटी प्रत्येक रकान्याची बेरीज छापील ‘एकूण’शी ताडून पाहा. आमच्याकडे ही एक बेरीज कोणी केली असती, तर मागील बाकी 18,000 ने जास्त आणि भरणा 18,000 ने कमी दिसला असता आणि नोटीस निघालीच नसती.

मार्कडाउन निर्धोक आहे असं मात्र समजू नका. त्याचा मोठा घात याद्यांत होतो. एका पानावर ठराव 7, 8 आणि 10 होते, 9 मागे घेतलेला. `7.` `8.` `10.` असं लिहिलं की पडद्यावर 7, 8, 9 दिसतं, कारण यादीचा पहिलाच क्रमांक मानला जातो, पुढचे आपोआप मोजले जातात. फाइलमध्ये 10 असतो, पण पीडीएफ काढून सभेत वाटली की ठराव 10 चा 9 झालेला असतो. देवनागरी आकड्यांचं उलट आहे. `७.` ला मार्कडाउन यादी मानतच नाही आणि मध्ये कोरी ओळ नसेल, तर सगळे ठराव एकाच परिच्छेदात चिकटतात. म्हणून क्रमांकाला अर्थ असेल तिथे यादी करूच नका. ‘ठराव 10 :’ असं लिहून प्रत्येक ठरावाचा वेगळा परिच्छेद करा. जोडलेले रकानेही मार्कडाउनमध्ये होत नाहीत. ‘भरणा’खाली ‘रोख’ आणि ‘धनादेश’ असेल, तर ‘भरणा रोख’, ‘भरणा धनादेश’ असे दोन मथळे करायचे.

तुम्ही टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ते थेट मार्कडाउन देत नाही. त्याच्याकडून `tsv` घ्या :

```
tesseract paan12.png paan12 -l mar+eng --psm 6 tsv
```

यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागा `left` आणि `top` या रकान्यांत येते. आजींच्या ओळीतल्या पहिल्या 18,000 चा `left` खालच्या ओळीतल्या आकारणीच्या 18,000 शी जुळतो, 4,500 शी नाही. म्हणजे कोणता रकाना कोरा होता हे त्या आकड्यावरूनच ठरवता येतं. साध्या मजकुरात नेमकी हीच माहिती फेकली जाते. पान तिरकं स्कॅन झालं असेल तर हे जुळणार नाही, आधी सरळ करून घ्या.

हजारो पानं असतील आणि फक्त एखादं नाव कोणत्या पानावर आहे एवढंच शोधायचं असेल, तर साधा मजकूर पुरतो, तिथे मार्कडाउनचा खटाटोप नको. पण ती फाइल हिशेबाला वापरू देऊ नका. आमचे अध्यक्ष आजही म्हणतात की टायपिंग करणाऱ्याची चूक झाली. त्या मुलाला `2-11 18,000 18,000` एवढीच ओळ दिली होती. त्यावरून कोणता रकाना कोरा हे त्याला कळणं शक्यच नव्हतं, आणि मूळ पान त्याच्यासमोर ठेवायला आम्ही कमिटीवाले विसरलो होतो.