कान आज ठणकतोय, मग अँटिबायोटिक परवा का?

मुलगी चार वर्षांची आहे. रात्री कान दुखून रडत उठली. सकाळी डॉक्टरांनी कान पाहिला, मधल्या कानात संसर्ग आहे म्हणाले, अँटिबायोटिक लिहून दिलं आणि वर म्हणाले, "लगेच सुरू करू नका." द्यायचं नाही तर लिहिलं कशाला?

तुम्हाला रविवारी सकाळी पुन्हा दवाखाना शोधत फिरावं लागू नये, म्हणून. ती चिठ्ठी राखीव आहे. दोन-तीन दिवसांत मूल सुधारलं तर ती फाडून टाकायची, नाही सुधारलं तर त्याच चिठ्ठीवर औषध आणायचं.

सर्दीत नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजते आणि बंद होते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून हे त्यांच्यातच जास्त घडतं. पडद्यामागे पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात, पडदा बाहेर फुगतो. त्या ताणामुळे कान ठणकतो. आडवं झाल्यावर दाब वाढतो, त्यामुळे हे दुखणं बहुधा रात्रीच उठवतं.

यातून बहुतेक मुलं औषधाविनाच बाहेर पडतात. मुलांच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा दिसलं की अँटिबायोटिक दिलं काय किंवा दिसायला तसंच पण औषध नसलेलं काही दिलं काय, शंभरातल्या साधारण ६० मुलांचं दुखणं २४ तासांत थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिकचा थोडा फायदा दिसतो: सुमारे २० मुलांना दिलं, तर त्यातल्या एकाचं दुखणं त्यामुळे थांबतं. उलट बाजूला, दर १४ मुलांमागे एकाला त्याच औषधाने जुलाब, उलटी किंवा अंगावर पुरळ येतं. दोन वर्षांवरच्या, एरवी निरोगी मुलात हा सौदा पहिल्याच दिवशी करण्यासारखा नसतो.

पण ही मुभा सगळ्यांना नाही. ताप ३९ अंश सेल्सिअस (१०२.२ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त असेल, वेदनाशामक देऊनही दुखणं आवरत नसेल, दुखणं दोन दिवसांहून जुनं असेल, कान वाहत असेल किंवा मूल एकंदरीतच खूप आजारी दिसत असेल, तर आम्ही डॉक्टर थांबत नाही. टाळू दुभंगलेली, कानात ऐकू येण्यासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं यांच्यासाठीही ही पद्धत नाही. आणि आधी निदान पक्कं हवं. रडणाऱ्या, तापलेल्या मुलाचा पडदा नुसता लाल दिसतोच. संसर्ग म्हणायला तो फुगलेला दिसावा लागतो.

वेदनाशामक किती द्यायचं? आणि त्याने आजार आत झाकला गेला तर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्या भीतीपोटी लोक औषध अर्धंच देतात. पॅरासिटामॉल दुखणं आणि ताप कमी करतं, जंतूंचं काही करत नाही. आजार वाढत असेल तर औषधाचा असर उतरला की दुखणं तितक्याच जोराने परत येतं, मूल मलूल राहतं. म्हणजे कळायचं ते कळतंच. उलट, अँटिबायोटिक हे वेदनाशामक नव्हे. पहिल्या २४ तासांत त्याने कानाचं दुखणं कमी होत नाही. चिठ्ठी उघडा किंवा ठेवा, त्या रात्रीचं दुखणं तुम्हाला वेगळंच सांभाळावं लागतं.

मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. समजा मुलगी १५ किलोची आहे. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे २२५ मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या आणि ५ मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते वाचा. २५० लिहिलं असेल तर साडेचार मिलिलिटर, १२० लिहिलं असेल तर सुमारे ९.४ मिलिलिटर. नाव तेच, पण माप दुपटीने बदललं. घरात चूक होते ती इथेच: मागच्या वेळी 'एक चमचा' दिला होता म्हणून या वेळीही एक चमचा, आणि बाटली मात्र वेगळी. चमचा नको, खुणा असलेली सिरिंज वापरा.

दोन डोसांमध्ये किमान चार तास, मी सहा सांगते, आणि दिवसात चारांहून जास्त नाही. पहिल्या दिवशी मूल रडण्याची वाट न पाहता वेळेवर द्या. झोपायच्या आधीचा डोस सगळ्यात कामाचा. शांत झोपलेल्या मुलाला मात्र उठवू नका.

पॅरासिटामॉल पुरत नसेल तर आयबुप्रोफेन, दर किलोला १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, दिवसात तीनदा. १५ किलोला १५० मिलिग्रॅम झालं, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेसात मिलिलिटर. मूल पाणी पीत नसेल, उलट्या-जुलाब चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, पूर्वी या औषधाने दम वाढला असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन नको. दोन्ही औषधं दिलीत तर वेळ आणि मात्रा कागदावर लिहा. रात्री तीन वाजता कोणालाच काही आठवत नाही. आणि डब्यात सर्दीचं मिश्र औषध असेल तर त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. तसंही सर्दीच्या औषधांचा या कानदुखीला उपयोग नाही.

मुलाला शुक्रवारी सकाळी दहाला दाखवलं. शनिवारी रात्री पुन्हा रडला. सासूबाई म्हणतात, आता द्याच. मी काय पाहून ठरवू?

रडण्यावरून ठरवू नका, कल पाहा. शुक्रवारच्या रात्री तो किती वेळा उठला आणि शनिवारी किती? औषधाचा असर चालू असताना खेळतो का, खातो का? ताप उतरतोय की चढतोय?

तुमच्या मुलासारख्याच एका मुलाची गोष्ट सांगते. वय साडेतीन, ताप ३८.२, उजव्या कानाचा पडदा लाल आणि फुगलेला. चिठ्ठीवर मी लिहिलं, 'रविवार सकाळी १०पर्यंत थांबा.' ही वेळ मी नेहमी लिहिते, कारण 'दोन-तीन दिवस' या शब्दांचा अर्थ मध्यरात्री प्रत्येकाचा वेगळा असतो. पहिल्या रात्री तो चारदा उठला. दुसऱ्या रात्री एकदा उठला, खूप रडला, औषध दिल्यावर अर्ध्या तासात झोपला. त्याच्या आईचा सकाळी फोन आला की रात्री पुन्हा रडला, आता सुरू करू का. मी विचारलं, ताप? नाही. नाश्ता? खाल्ला. मग सोमवारपर्यंत थांबलो आणि चिठ्ठी वापरावी लागली नाही. हाच मुलगा रविवारी सकाळी तितकाच तापलेला, खायला नकार देणारा असता, तर मी म्हटलं असतं, द्या. ती माघार नसते, चिठ्ठी त्यासाठीच असते.

दुखणं साधारण तीन दिवस असतं, क्वचित आठवडाभर रेंगाळतं. रेंगाळणं आणि बिघडणं यातला फरक ओळखा. बिघडत असेल तर वेळेची वाट न पाहता सुरू करा आणि डॉक्टरांना कळवा.

एक व्यवहाराची गोष्ट: औषध आधीच आणून ठेवलंत तर बाटलीतल्या पावडरीत पाणी घालू नका. पाणी घातल्यावर ते थोडेच दिवस टिकतं. मागच्या आजारातलं उरलेलं अर्धं औषध तर मुळीच वापरू नका.

काही खुणा दिसल्या तर चिठ्ठीचा विचारही न करता लगेच दवाखाना गाठा: कानामागे सूज किंवा लाली येऊन कान पुढे आणि खाली ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान ताठणं, तोल जाणं, मूल जागं करूनही गुंगीत असणं. कानामागच्या हाडात संसर्ग पसरणं हे दुर्मीळ आहे. एका मुलातलं ते टाळायला हजारो मुलांना अँटिबायोटिक द्यावं लागेल, म्हणून भीतीने सर्वांना औषध देत नाही. पण खुणा घरातल्या सगळ्यांना माहीत हव्यात.

रात्री जोरात दुखत होतं, पहाटे उशीवर पिवळा पू दिसला आणि मुलगा एकदम शांत झाला. बरा झाला समजायचं का?

पडदा फुटला आहे. दाब सुटला, म्हणून ठणका थांबला. बहुतेक वेळा ते छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरतं. पण कान वाहू लागला की थांबण्याची अट मोडली. त्याच दिवशी दाखवा, आता अँटिबायोटिक बहुधा द्यावं लागेल. तोवर बाहेर आलेलं स्वच्छ कापडाने टिपा, आत काडी घालू नका आणि कानात पाणी जाऊ देऊ नका.

कोमट तेल, लसणाचं तेल, घरात पडलेले थेंब, काहीही कानात घालू नका. बधिर करणारे थेंब मिळतात, त्यांनी थोडा आराम पडतोही, पण पडदा अखंड आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच. बाहेरून तो फुटला की नाही हे तुम्हाला दिसत नाही.

दुखणं जाऊन तीन आठवडे झाले. मुलगी टीव्हीचा आवाज वाढवते. अँटिबायोटिक न दिल्यामुळे का?

नाही. औषध घेतलेल्या मुलांतही असं होतं. संसर्ग गेला तरी पडद्यामागचं पाणी निचरायला वेळ लागतो. महिन्यानंतर बऱ्याच मुलांत ते असतं, तीन महिन्यांनी थोड्यांत उरतं. तोवर तिच्याशी समोर बसून, जवळून बोला आणि वर्गात शिक्षकांना पुढे बसवायला सांगा. तीन महिन्यांनंतरही कमी ऐकू येत असेल, किंवा बोलणं आधीच मागे असेल तर त्याआधीच, श्रवण तपासणी करून घ्या.