कोंबडी पांढुरकी का राहते

भाऊ, धुतलेले तुकडे तसेच ओले कढईत टाकलेस की चर्र आवाज लगेच बसतो आणि बुडबुडे येतात. तिथंच घोळ झाला. वर पाणी आहे तोवर तुकड्याचा पृष्ठभाग 100 अंशांच्या पुढे जात नाही, आणि लाली भराभर चढते साधारण 140 नंतर. मग चुलीत कितीही पऱ्हाटी कोंब!

तुकडे सुती फडक्यानं टिपून घे. रिकाम्या तापल्या कढईत थेंबभर पाणी टाक. ते गोळी होऊन नाचलं की मग तेल सोड. अर्धेच तुकडे टाक, गर्दीत त्यांचंच पाणी सुटतं. दोन मिनिटं ढवळू नकोस. चिकटलेला तुकडा ओढू नको, लाल झाला की बहुतेक आपणच सुटतो. मसाल्याचं पाणी त्यानंतर.