थकबाकीच्या आकड्यावर निवडणुकीची पोस्ट लिहिताना

प्रश्न: "कांदिवलीतल्या आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीची कमिटीची निवडणूक आहे. मी उभी आहे, सध्याचे सेक्रेटरी काकाही पुन्हा उभे आहेत. ताळेबंदात थकबाकी वर्षभरात ६.३० लाखांवरून ९.८० लाखांवर गेलेली दिसते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे मांडायचं आहे, पण खोटं नको आणि काकांचा अपमानही नको. कसं लिहू? सोबत थकबाकीदारांची दोन्ही वर्षांची यादी टाकते आहे."

ताई, यादी टाकलीत हे फार बरं केलंत, कारण नुसत्या ताळेबंदावरून लिहिलं असतंत तर पोस्ट चुकली असती. 'एका वर्षात थकबाकी साडेतीन लाखांनी वाढली' हे वाक्य आकड्याने बरोबर आहे, पण वाचणारा त्यातून 'कमिटीने वसुली केली नाही' असंच समजेल. तसं झालंय का, ते यादीवरून पाहू.

ताळेबंदातली थकबाकी म्हणजे ३१ मार्चच्या रात्री सभासदांकडून येणं असलेली सगळी रक्कम. त्यात पाच वर्षं न भरणारा असतो, आणि आठवड्यापूर्वी बिल मिळालेला, एप्रिलमध्ये भरणारा सभासदही असतो. ताळेबंद दोघांत फरक करत नाही. तो आपल्याला करावा लागतो.

तुमचं तिमाही बिल १८,००० रुपयांचं. आता यंदाची यादी बघा. १२ फ्लॅटसमोर बरोबर १८,००० आहेत, ना एक रुपया कमी ना जास्त. व्याजाचा पैसाही न चढता एकाच बिलाएवढी रक्कम इतक्या घरांसमोर दिसली की समजायचं, हे थकबाकीदार नाहीत, यांना बिलच उशिरा मिळालंय. हे झाले २.१६ लाख. आदल्या वर्षी असे दोनच फ्लॅट होते, म्हणजे ३६ हजार. दुसरी नोंद एका बंद फ्लॅटची. आदल्या वर्षी त्याच्याकडे ४.१० लाख येणं होतं, यंदा ५.५० लाख. यातली १.४० लाखांची वाढ म्हणजे वर्षाचा मेंटेनन्स ७२ हजार आणि उरलेलं व्याज. उपविधींत २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, तुमच्याकडे तेवढंच लावलेलं दिसतंय. उरलेले पाच फ्लॅट मिळून १.८४ लाखांवरून २.१४ लाखांवर गेले.

म्हणजे साडेतीन लाखांच्या वाढीत १.८० लाख उशिरा गेलेल्या बिलांचे, १.४० लाख बंद फ्लॅटचे आणि बाकी सगळ्यांची मिळून वाढ फक्त ३० हजार. आता काकांना विचारण्यासारखे प्रश्न दोनच उरतात, पण ते पक्के आहेत: जानेवारीचं बिल इतकं उशिरा का निघालं, आणि बंद फ्लॅटच्या वसुलीसाठी उपनिबंधकांकडे अर्ज का झाला नाही?

पोस्ट टाकण्याआधी या दोन्ही गोष्टी कागदावर बघा. बिलाची तारीख तुमच्याच घरच्या प्रतीवर आहे. वसुलीचं म्हणाल तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली सोसायटी वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज करू शकते. मुंबईत तो आपापल्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे जातो. त्याआधी थकबाकीदाराला नोटीस, हिशेबाचा उतारा आणि कमिटीचा ठराव लागतो. तेव्हा सेक्रेटरींना लेखी विचारा की नोटिसा कधी गेल्या, ठराव झाला का. सभासद म्हणून कागदपत्रं पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. नोटिसा गेल्या असतील तर तेही पोस्टमध्ये यायलाच हवं. ज्यांनी अर्धं काम केलंय त्यांनी काहीच केलं नाही असं लिहिणं हे खोटंच झालं, मग बाकीचे आकडे कितीही बरोबर असोत.

समजा बिल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाल्याचं दिसलं, आणि दोन नोटिसा गेल्यात पण ठराव झालेला नाही असं उत्तर आलं. तर मी अशी पोस्ट लिहीन:

"नमस्कार. मी कमिटीसाठी उभी आहे. लेखापरीक्षित ताळेबंदानुसार ३१ मार्चला थकबाकी ९.८० लाख होती, आदल्या वर्षी ६.३० लाख. वाढलेल्या ३.५० लाखांपैकी १.८० लाख हे जानेवारीचं बिल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाल्यामुळे दिसतात. त्या सभासदांना थकबाकीदार म्हणणं योग्य नाही. १.४० लाख एका बंद फ्लॅटचे आहेत. त्यांना सेक्रेटरींनी दोन नोटिसा पाठवल्या आहेत, वसुली अर्जाचा ठराव अजून झालेला नाही. बाकी फ्लॅटची वाढ ३० हजार आहे. मी निवडून आले तर दोन गोष्टींचा आग्रह धरीन: तिमाहीच्या पहिल्या दहा दिवसांत बिल, आणि पहिल्याच बैठकीत वसुली अर्जाचा ठराव. आकड्यांत चूक दिसली तर कृपया इथेच सांगा."

यात फ्लॅट नंबर नाही, हे मुद्दाम. ज्याला बघायचाय तो यादीत बघेल. ग्रुपवर नंबर टाकला की चर्चा वसुलीवरून त्या कुटुंबावर घसरते. 'कारभार', 'मनमानी', 'अपारदर्शक' हेही शब्द नाहीत, कारण त्यांच्यामागे दाखवण्यासारखा कागद नाही.

एका शब्दाबद्दल मात्र कडक राहा. कोणी समर्थक ग्रुपवर 'पैसे खाल्ले' किंवा 'अपहार' म्हणाला, तर त्याच वेळी, ग्रुपवरच, 'माझं असं म्हणणं नाही' असं लिहा. हिशेबात गुन्हा झालाय या निष्कर्षाला लेखापरीक्षक आला, तर त्याला कलम ८१ खाली निबंधकांना विशिष्ट अहवाल द्यावा लागतो आणि त्यांच्या लेखी परवानगीने एफआयआर करावा लागतो. तुमच्या लेखापरीक्षण अहवालात तसं काही नसेल, तर तो आरोप तुमच्या नावावर चिकटेल आणि बदनामीची तक्रारही होऊ शकते.

पोस्ट टाकण्याच्या आदल्या दिवशी ती काकांना वैयक्तिक पाठवा: "काका, उद्या हे टाकणार आहे, आकडा चुकला असेल तर सांगा." परवानगी मागू नका, दुरुस्ती मागा. हिशेबनीस बदलल्यामुळे बिल रखडलं असं ते म्हणाले आणि कागद दाखवला, तर ते कारण एका वाक्यात जोडा. तुमचा मुद्दा त्याने कमी होत नाही, बिल उशिरा गेलं ते गेलंच. त्यांनी उत्तरच दिलं नाही तर पोस्ट तशीच जाऊ द्या, 'विचारलं पण उत्तर नाही' असा टोमणा जोडू नका.

हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये. सभासद कमिटी निवडतात, आणि सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार कोण हे निवडून आलेली कमिटी ठरवते. तुम्ही दोघंही निवडून येणं अगदी शक्य आहे. मग पाच वर्षं एकाच टेबलाशी बसून तो वसुलीचा ठराव तुम्हाला मांडायचाय आणि कदाचित त्याला अनुमोदन काकांकडूनच हवं असेल.

टाकल्यावर चूक सापडली तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांत मेसेज बदलता येतो. त्यानंतर डिलीट करू नका, तोपर्यंत तो दुसऱ्या विंगच्या ग्रुपवर पोहोचलेला असतो. मूळ मेसेजलाच रिप्लाय करून 'अमुक आकडा अमुक असा वाचावा' लिहा, आणि जिथे जिथे तुम्ही तो पाठवलात तिथे तिथे दुरुस्तीही पाठवा.