राउटरमागे राउटर : आधी वॅनचा पत्ता पाहा

फ्लॅटच्या मुख्य राउटरमागे आपला वेगळा राउटर लावला असेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग करूनही गेम ‘स्ट्रिक्ट नॅट’ दाखवत असेल, तर आपली नोंद चुकली आहे असे लगेच मानू नये. प्रथम आपल्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी पत्ता पाहावा. तेथे 192.168.1.23 असा पत्ता दिसला, तर तो इंटरनेटवरचा नसून फ्लॅटच्या मुख्य राउटरने दिलेला आहे. बाहेरून येणारी जोडणी त्या राउटरपाशीच अडते, कारण ती पुढे कोणाकडे पाठवायची हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. नवखे लोक मात्र आतल्याच राउटरवर पुन्हा पुन्हा पोर्ट उघडत बसतात. (मीही एक अख्खा रविवार त्यात घालवला आहे.)

सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकणे, म्हणजे तो स्वतःचे नॅट न करता नुसते वाय-फाय पुरवतो. तो पर्याय नसेल, तर पुढील क्रम पाळावा :

१. वॅनची केबल काढावी, अन्यथा पुढचा बदल राउटर नाकारू शकतो.
२. लॅनचा पत्ता 192.168.1.2 करावा, मुख्य राउटर तो दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, हे पाहावे.
३. डीएचसीपी बंद करून केबल लॅन पोर्टमध्ये लावावी.

यानंतर पोर्ट फक्त मुख्य राउटरवर उघडावा. आपला प्रिंटर आता सहनिवाशांनाही दिसेल, एवढे लक्षात ठेवावे.

मुख्य राउटरचाच वॅन पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर दुसरे नॅट सेवादात्याकडे आहे. तेव्हा त्यांच्याकडे सार्वजनिक आयपी मागावा.