सूर्यफूल तेलाचं आयोडीन मूल्य काढताना

रबाळ्याच्या लॅबमध्ये नवीन लागलायस, तर आधी हे बघ. आयोडीन मूल्य म्हणजे १०० ग्रॅम तेलातले दुहेरी बंध किती ग्रॅम आयोडीन शोषतात तो आकडा. आयोडीन फ्लास्क कोरडा ठणठणीत हवा, पावसाळ्यात तर हमखास. पाण्याने विज द्रावण, म्हणजे आयोडीन मोनोक्लोराइडचं द्रावण, बिघडतं.

समज, तेल ०.२० ग्रॅम, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं. विज द्रावण घालून अर्धा तास अंधारात ठेवलंस. मग पोटॅशियम आयोडाइड आणि पाणी घालून ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. तेलाशिवायचा ब्लँक ४८.० मिली, नमुना २७.५, फरक २०.५. म्हणून १२.६९ × ०.१ × २०.५ ÷ ०.२० = १३०. फरक ब्लँकच्या निम्म्याहून जास्त आला, तर आयोडीन कमी पडलंय; तेल कमी घेऊन पुन्हा कर.

स्टार्च फिकट पिवळा रंग आल्यावरच टाक. निळा गेला की बुच लावून जोरात हलव. खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात आयोडीन दडून बसतं, निळा परतला तर एंड पॉइंट आलेलाच नाही. घाई करणारे इथेच फसतात, आकडा फुगतो.

आता दुहेरी बंध: तेलाचा रेणुभार ८८० धर, आयोडीनचा २५३.८, आणि मूल्य १०० ग्रॅमचं म्हणून खाली २५३८०. १३० × ८८० ÷ २५३८० म्हणजे ट्रायग्लिसराइडच्या रेणूमागे साधारण साडेचार, साखळीमागे दीड. अर्धा बंध नसतो रे, ही सरासरी आहे. लिनोलेइकचे दोन, ओलेइकचा एक, संतृप्तचा शून्य. कोणतं किती, हे या आकड्यातून कळत नाही, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते.