‘ट’ वेगळा, ‘ह’ वेगळा

प्रश्न: मुलीला बारावीच्या निबंधात अमेरिकेतला ‘जिम क्रो’, म्हणजे कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणारे कायदे, आणि दक्षिण आफ्रिकेतला ‘अपार्थाइड’ यांची आणि ते संपवणाऱ्या चळवळींची तुलना करायची आहे. दोन्हींना ‘वर्णद्वेष’ म्हटलं तर चालेल का? की ‘वर्णभेद’? शिक्षक म्हणतात, काहीही लिहा, अर्थ एकच.

अर्थ एक नाही आणि ‘काहीही लिहा’ हे शिक्षकाने सांगावं याचं मला वाईट वाटतं. द्वेष मनात असतो. भेद मनातही असतो आणि कायद्याच्या पुस्तकातही. रेल्वेच्या डब्यावर पाटी लावणारा माणूस कुणाचा द्वेष करत असेल किंवा नसेलही, पण पाटी लावायला त्याला कायद्याने सांगितलेलं असतं. ‘वर्णद्वेषी राजवट’ हा शब्दप्रयोग बातम्यांत रोज ऐकतो आणि रोज चिडतो, कारण त्यात राजवटीचं काम दिसत नाही, फक्त तिचा स्वभाव दिसतो. तुलना कामाची करायची आहे.

पण त्याआधी ‘अपार्थाइड’. या शब्दात ‘थ’ नाही. रोमन लिपीत ‘टी’ आणि ‘एच’ शेजारी आले म्हणून आपण त्यांचा ‘थ’ केला. डच भाषेतून तिथे घडलेल्या आफ्रिकान्स भाषेतला मूळ शब्द दोन तुकड्यांचा आहे: ‘अपार्ट’ आणि ‘हेइट’. ‘ट’ पहिल्या तुकड्याचा शेवट, ‘ह’ दुसऱ्याची सुरुवात. म्हणून ‘अपार्टहेट’ लिहा. ‘अपार्ट’ फ्रेंचमधून आला, अर्थ ‘बाजूला’. ‘हेइट’ हा भाववाचक प्रत्यय, आपल्या ‘-पणा’सारखा. शब्दशः अर्थ झाला ‘वेगळेपणा’.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. हा ‘हेइट’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘चाइल्डहुड’मधला ‘हुड’ आणि जर्मनमधला ‘हाइट’. पूर्वी तो प्रत्यय नव्हता, स्वतंत्र शब्द होता. जुन्या गॉथिक भाषेत ‘हायडुस’ म्हणजे रीत, प्रकार. आणि त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ आहे ‘केतु’! धूमकेतूतला, ध्वजावरचा केतु. वेदात केतु म्हणजे प्रकाश, चिन्ह, ज्यावरून ओळख पटते ते रूप. ‘केतुं कृण्वन्नकेतवे’ म्हणणाऱ्या ऋषीचा शब्द आणि दक्षिण आफ्रिकेत मलान या नेत्याच्या नॅशनल पार्टीने 1948 च्या निवडणुकीत घोषणेसारखा वापरलेला शब्द एकाच मुळातून फुटले आहेत.

ही केवळ गंमत नाही. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने ‘गोरा’ कोण हे कसं ठरवलं? जो दिसायला उघडपणे गोरा आहे किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानलं जातं तो. रूप आणि चिन्ह, म्हणजे केतुच. शंका आली की केसांत पेन्सिल अडकवून ती घसरते का हे पाहत. माझं मत असं की शब्द निवडणाऱ्यांच्या मनात हे मूळ नसलं तरी ‘-पणा’चा फायदा त्यांना नक्की कळला होता. अमेरिकेतल्या ‘सेग्रिगेशन’ या लॅटिनमधून आलेल्या शब्दात ‘कळपातून वेगळं काढणं’ ही क्रिया आहे. क्रिया म्हटली की करणारा आला. ‘वेगळेपणा’त करणारा कुणीच नाही, जणू माणसं जन्मतःच वेगळी ठेवलेली होती.

इथे एका ज्येष्ठ कोशप्रेमींशी माझा जुना वाद आहे. ते म्हणतात, ‘वर्णभेद’ लिहिलं की वाचकाला चातुर्वर्ण्य आठवतं, म्हणून ‘वर्णद्वेष’ बरा. वाचक गोंधळेल म्हणून चुकीचा शब्द द्यायचा, हा कोशकाराचा न्याय नव्हे. त्यांनी खरा आक्षेप घ्यायला हवा होता तो अमेरिकेच्या बाबतीत. तिथे ‘वर्ण’ म्हणजे रंग हाच अर्थ तोकडा पडतो. 7 जून 1892 रोजी होमर प्लेसी न्यू ऑर्लिन्सला गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजी-पणजोबांपैकी एकच काळं होतं, तो दिसायला गोरा होता. लुइझियाना राज्याचा वेगळ्या डब्यांचा नवा कायदा न्यायालयात तपासला जावा म्हणून ठरवून केलेली ती अटक होती. त्याच्या डब्याचा प्रश्न रंगाने सुटला नाही, वंशावळीने सुटला. म्हणून अमेरिकेसाठी ‘वंशभेद’ लिहा, आफ्रिकेसाठी ‘वर्णभेद’ चालेल, आणि दोन्ही व्यवस्थांसाठी मिळून ‘वांशिक विभक्तता’.

तुलनेसाठी मुलीला रेल्वेच धरायला सांगा. लुइझियानाच्या कायद्यात शब्द होते ‘समान पण विभक्त’ सोयी. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आणि प्लेसी हरला. पुढे लोकांच्या तोंडी शब्द उलटले, ‘विभक्त पण समान’ झाले. त्यातलं ‘समान’ प्रत्यक्षात कधीच नव्हतं, पण कागदावर राहिलं, आणि त्याच शब्दाला धरून कृष्णवर्णीयांच्या वकिलांनी अनेक वर्षं खटले चालवले. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत समान संरक्षण आधीच लिहिलेलं होतं. 1954 च्या ब्राउन खटल्यात न्यायालयाने सांगितलं की शिक्षणात वेगळी सोय मुळातच असमान असते.

दक्षिण आफ्रिकेत 1952 मध्ये लुसू नावाचा माणूस केपटाउन स्टेशनवर गोऱ्यांच्या प्रतीक्षालयात जाऊन बसला. तोही मुद्दाम कायदा मोडण्याच्या चळवळीतच. 1953 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याला दोषी धरलं नाही, कारण दोन्ही प्रतीक्षालयांच्या सोयी समान नव्हत्या. प्लेसी हरला होता, लुसू जिंकला! पण त्याच वर्षी संसदेने स्वतंत्र सोयींचा कायदा केला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की सोयी असमान असल्या तरी राखून ठेवणं बेकायदा ठरणार नाही. तिथे संसदेच्या वर काही नव्हतं. ज्या ‘समान’ शब्दाला धरून अमेरिकेतला वकील उभा होता, तो शब्दच इथे काढून टाकला.

चळवळींची नावंही यातूनच ठरतात. अमेरिकेत मतदान आणि समान संरक्षण हे हक्क घटनेत होते, ते मिळवायचे होते. म्हणून ‘नागरी हक्क चळवळ’. ती न्यायालयातून, माँटगोमेरीच्या 381 दिवसांच्या बसबहिष्कारातून 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत आणि 1965 च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत गेली. दक्षिण आफ्रिकेत बहुसंख्य लोकांना मागायला घटनेत हक्कच नव्हता. घटनाच नवी हवी होती, म्हणून तिथले लोक ‘मुक्तिलढा’ म्हणतात. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलला कृष्णवर्णीयांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, 69 माणसं मेली, लगेच संघटनांवर बंदी आली. तिथून सशस्त्र लढा, संप, 1976 चा सोवेटोतल्या विद्यार्थ्यांचा उठाव, बाहेरच्या देशांचे निर्बंध, आणि शेवटी वाटाघाटी करून 27 एप्रिल 1994 चं मतदान. निबंधात याला ‘नागरी हक्क चळवळ’ म्हणू नये.

एक चूक मात्र नेहमी दिसते. गांधींना 1893 मध्ये पीटरमॅरित्झबर्गला गाडीतून उतरवलं, त्याला ‘अपार्टहेट’ म्हणतात. भेद तेव्हाही होता, पण त्या नावाची व्यवस्था 1948 नंतरची. तिथे ‘वर्णभेद’ लिहा.