सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण आणि सचिवांनी नाकारलेले प्रमाणपत्र

प्रश्न: "मी पुण्यात नव्यानेच वकिली सुरू केली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या अशिलाच्या दुकानाचे शटर तोडले गेले. समोरच्या सोसायटीच्या सचिवांनी डीव्हीआरमधले चित्रण पेनड्राइव्हवर काढून दिले. डिसेंबरमध्ये शिवाजीनगरला नुकसानभरपाईचा दावा लावला. आता सचिव प्रमाणपत्रावर सही करत नाहीत आणि डीव्हीआरमधले मूळ चित्रण पुसले गेले आहे. अशिलानेच ६५-बीचे प्रमाणपत्र दिले तर चालेल का?"

उत्तर:

चालणार नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले तर पुढचा मार्गही त्यातूनच सापडतो.

आधी कलमाविषयी. दावा डिसेंबर २०२४ मधला आहे, म्हणून त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू होतो. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलात आला, आणि त्याच्या कलम १७० नुसार त्या तारखेला प्रलंबित असलेली प्रकरणेच १८७२ च्या जुन्या कायद्याखाली चालतात. त्यामुळे आपल्याला कलम ६३(४) खालचे प्रमाणपत्र हवे आहे, आणि ते अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेल्या नमुन्यातच असले पाहिजे. जुन्या ६५-बीचा संगणकात साठवलेला मजकूर तारीख बदलून दाखल केला, तर प्रतिवादीच्या वकिलांना आयताच आक्षेप मिळेल.

या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' उपकरण ज्याच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनाखाली आहे त्याने भरायचा असतो. त्यात उपकरणाचा प्रकार, बनावट, मॉडेल आणि अनुक्रमांक द्यावा लागतो, उपकरण नेहमीच्या कामात वापरात होते व त्या काळात नीट चालत होते असे सांगावे लागते, आणि अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली तिची अंकाक्षरी ओळखखूण, लिहून हॅश अहवाल जोडावा लागतो. भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या कायद्यात ही दुसरी सही नव्हती. कलम ६३ मध्ये तज्ज्ञाची व्याख्या दिलेली नाही, म्हणून ज्याची पात्रता आणि अनुभव उलटतपासणीत टिकेल अशाच डिजिटल न्यायवैद्यक परीक्षकाकडे जावे, असे माझे मत आहे.

आता आपल्या अशिलाचा विचार करा. तो डीव्हीआर त्याच्या मालकीचा नव्हता, तो चालवण्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि ऑगस्टमध्ये यंत्र नीट चालत होते की नाही हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो फार तर एवढेच सांगू शकतो की अमुक दिवशी सचिवांनी मला हा पेनड्राइव्ह दिला. त्याने पेनड्राइव्हचा अनुक्रमांक घालून प्रमाणपत्र दिले, तर ते फक्त पेनड्राइव्हपुरते राहील. कॅमेऱ्याने काय टिपले आणि डीव्हीआरमध्ये काय साठवले गेले, इथपर्यंत ते पोहोचणार नाही. चित्रण व्हॉट्सॲपवर आले असते तरी अडचण हीच राहिली असती, शिवाय तिथे व्हिडिओ आकुंचित होऊन मूळ फाइल आणि आलेली फाइल यांचे हॅश जुळले नसते.

त्यामुळे प्रमाणपत्र सचिवांकडूनच यायला हवे, किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्यांची देखभाल ज्याच्याकडे होती त्याच्याकडून. मूळ चित्रण पुसले गेले म्हणून त्यांना आता सही करता येत नाही असे नाही. त्यांनी स्वतः डीव्हीआरमधून नक्कल काढली, त्या वेळी यंत्र चालू होते, ही माहिती त्यांच्यापाशी आजही आहे.

ते नकार देत असतील तर काय करायचे, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात दिले आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा निकाल १४ जुलै २०२० चा, तीन न्यायमूर्तींचा आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर दाखल झाला की नाही, हा त्यातला वाद होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रण व्हीसीडीवर मिळाले होते, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. २०१४ च्या अन्वर निकालाप्रमाणे प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, हे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले आणि २०१८ च्या शफी मोहम्मद निकालात यंत्र ताब्यात नसलेल्या पक्षकाराला प्रमाणपत्रातून दिलेली सवलत रद्द ठरवली. मात्र त्याच वेळी असेही सांगितले की प्रमाणपत्र मागूनही मिळत नसेल तर पक्षकाराने ते हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून मागावा, आणि त्याने शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही तर अशक्य गोष्टीची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. हा निकाल जुन्या कलमावरचा असला तरी त्याचे हे तत्त्व कलम ६३ ला लावू नये असे मला काही दिसत नाही.

इथे सगळा भर 'शक्य ते सर्व' यावर आहे. सचिवांनी फोनवर नाही म्हटले, एवढे त्यासाठी पुरेसे नाही. प्रथम त्यांना आणि सोसायटीला लेखी मागणी पाठवा, सोबत अनुसूचीचा कोरा नमुना जोडा, आणि पोच जपून ठेवा. अनेकदा नकारामागे आपण कशात तरी अडकू ही भीतीच असते, म्हणून सही करणे म्हणजे वादीची बाजू घेणे नव्हे, हे पत्रात साध्या शब्दांत लिहा. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६८ चा आधार घेऊन अर्ज करा. सचिवांना साक्षीसमन्स काढावे, तसेच प्रमाणपत्र आणि डीव्हीआरच्या खरेदी-देखभालीची कागदपत्रे हजर करण्याचा आदेश द्यावा, अशा दोन्ही मागण्या त्यात ठेवा. डीव्हीआर अजून जागेवर असेल तर त्याचा अनुक्रमांक आताच मिळवा, कारण यंत्र बदलले की भाग 'अ' मधला तो रकाना भरणे कठीण होते.

दरम्यान पेनड्राइव्हवरच्या फाइलला हात लावू नका. नुसते नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, पण चित्रण कापले, उजेड वाढवला किंवा डीव्हीआरच्या स्वतःच्या स्वरूपातून एमपी४ मध्ये रूपांतर केले की बदलतो. विंडोजवर हॅश असा काढता येतो:

```
certutil -hashfile "E:\CAM03.dav" SHA256
```

तज्ज्ञालाही हीच फाइल द्या, म्हणजे दोन्ही भागांतले मूल्य एक येईल. न्यायालयात दाखवण्यासाठी रूपांतरित प्रत लागणार असेल तर ती वेगळी ठेवा आणि तिचे हॅश मूल्य स्वतंत्रपणे नोंदवा.

वेळेचा मुद्दाही आहे. कलम ६३(४) प्रमाणे अभिलेख सादर करताना प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत हवे, पण खटला संपेपर्यंत ते मागवता येते, असे खोतकर निकालात म्हटले आहे. म्हणून आज निशाणी पडत नसेल तर पेनड्राइव्ह यादीने दाखल ठेवून वरचा अर्ज लगेच द्या. तो अंतिम युक्तिवादापर्यंत लांबवू नका.

प्रमाणपत्र मिळाले तरी त्याने चित्रण पुराव्यात वाचण्यायोग्य ठरते, एवढेच. त्यातला माणूस प्रतिवादीच आहे आणि पडद्यावर दिसणारी वेळ खरी आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागेल. डीव्हीआरचे घड्याळ पुढेमागे असणे अगदी सर्रास आढळते, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो. सचिवांच्या सरतपासणीत ते घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे किंवा मागे होते, नक्कल कोणत्या दिवशी, कोणासमोर काढली आणि पेनड्राइव्ह तेव्हापासून कोणाकडे होता, हे तिन्ही प्रश्न स्वतःहून विचारून घ्या.